गडद तेच दाट? लाल-हिरवा रंगदोष, द्राक्षबागेचा नकाशा आणि फोनमधील रंगदुरुस्ती : एक प्रकरण अभ्यास

निफाड तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार डिसेंबरमध्ये माझ्याकडे चष्म्याचा नंबर तपासायला आले होते. वय चव्वेचाळीस, जवळचे वाचायला त्रास होऊ लागलेला, म्हणजे या वयात साऱ्यांनाच होतो तो. वाचनाचा चष्मा ठरवून झाल्यावर, त्यांच्याबरोबर आलेला त्यांचा मुलगा जरा संकोचत म्हणाला, “मॅडम, पप्पांना रंग नीट कळत नाहीत. फोनमध्ये त्यासाठी सेटिंग असते, ती मी चालू करून दिली होती, पण काही उपयोग झाला नाही. उलट नुकसानच झालं.” फोनमधील एका सेटिंगने बागेचे नुकसान कसे होईल, हे मला प्रथम उमगले नाही. चौकशी केल्यावर जे कळले, ते नीट मांडून ठेवण्याजोगे वाटले, म्हणून हे टिपण. व्यक्तीची ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत.

त्यांची बाग दोन एकरांची आहे. लागवड नऊ बाय पाच फुटांवर, पाणी ठिबकने, आणि चार व्हॉल्व्हवर बागेचे चार भाग. गेल्या हंगामापासून ते फोनवर एक अ‍ॅप वापरतात, ज्यात उपग्रहाच्या चित्रावरून बागेच्या पाल्याचा नकाशा दर काही दिवसांनी येतो. अशा सेवा बहुधा युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या चित्रांवर चालतात. त्या चित्रातला एक चौकोन जमिनीवर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असतो. दोन एकरांत असे सुमारे ऐंशी चौकोन बसतात. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परतवते, या गुणावरून प्रत्येक चौकोनासाठी एक आकडा काढला जातो. त्याला एनडीव्हीआय म्हणतात. आकडा जितका मोठा तितका पाला दाट व सतेज. आकडे वाचत बसण्यापेक्षा नजर टाकताच कळावे म्हणून त्यांना रंग दिलेले असतात: कमकुवत भाग लाल, मग नारिंगी, पिवळा, फिकट हिरवा, आणि सर्वांत चांगला भाग गडद हिरवा. ही रंगपट्टी ज्याने निवडली त्याने लाल-हिरवा रंगदोष असलेल्या वाचकाचा विचार केला नव्हता, हे मला येथे स्पष्ट म्हणावेसे वाटते, कारण या दोषासाठी याहून वाईट पट्टी शोधूनही सापडणार नाही.

फळांसाठी केल्या जाणाऱ्या गोडी छाटणीनंतर पन्नास दिवस उलटल्यावर त्यांनी नकाशात पाहिले की तिसऱ्या व्हॉल्व्हखालचा एक कोपरा, साधारण सहा-सात चौकोन, बाकीच्या बागेपेक्षा बराच गडद दिसतो आहे. गडद म्हणजे पाला दाट, असा त्यांनी अर्थ लावला. पाला माजला तर घडांना उजेड आणि हवा मिळत नाही व रोग वाढतो, म्हणून त्यांनी त्या व्हॉल्व्हचे पाणी रोज अर्ध्या तासाने कमी केले. पुढच्या दोन नकाशांत तो कोपरा आणखी गडद झाला, आणि त्यांनी पाणी आणखी तोडले. जवळपास तीन आठवड्यांनी मुलगा कॉलेजच्या सुटीत घरी आला, त्याने सहज फोन हातात घेतला आणि म्हणाला, “पप्पा, हा कोपरा लाल का झालाय?”

कोपरा गडद होता, पण तो गडद हिरवा नव्हता, लाल होता. तिथल्या लॅटरलचे, म्हणजे वेलींच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीचे, ड्रिपर क्षारांनी चोंदले होते, वेलींना आधीच पाणी कमी पडत होते, आणि त्यात व्हॉल्व्हची वेळही घटवली गेली होती. त्या कोपऱ्यात दीडशेच्या आसपास वेली आहेत. बागेत रोज फिरणाऱ्या माणसाला हे पाने पाहून कळू नये, याचेही अनेकांना नवल वाटेल. परंतु पान हिरव्याकडून पिवळसर हिरव्याकडे सरकते, तो फरक नेमका त्यांच्या दृष्टीच्या दुबळ्या बाजूला येतो. वेल सुकून पान लोंबेपर्यंत त्यांना तो जाणवला नसता.

दोष कोणता, हे आधी ठरवणे

लाल-हिरवा रंगदोष हे एकच नाव असले तरी त्याखाली दोन वेगळे दोष येतात. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, आणि त्यांतील लांब तरंगलांबीच्या, म्हणजे लाल बाजूच्या प्रकाशाला दाद देणाऱ्या पेशी सदोष असल्या तर त्या दोषाला प्रोटॅन म्हणतात. मधल्या, म्हणजे हिरव्या बाजूच्या पेशी सदोष असल्या तर ड्यूटॅन. दोघांनाही लाल आणि हिरवा यांत गोंधळ होतो, म्हणून बोलताना दोन्ही एकत्र धरले जातात. दुसरा प्रकार अधिक आढळतो. पण एक फरक असा आहे की तो या प्रकरणाच्या मुळाशी आहे: प्रोटॅन माणसाला लाल रंग नुसता वेगळा दिसत नाही, तर काळपट दिसतो. लाल प्रकाशाची उजळता त्याच्यापर्यंत फारशी पोचतच नाही. ड्यूटॅन माणसाला लाल ओळखता येत नसला तरी तो काळवंडलेला दिसत नाही.

खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, मी त्यांना छापील इशिहारा पट्ट्या दाखवल्या. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञांनी 1917 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या ठिपक्यांच्या पट्ट्या बहुतेकांनी शाळेच्या किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत पाहिलेल्या असतात. फोनच्या पडद्यावर त्या पाहून निष्कर्ष काढू नये, कारण प्रत्येक पडदा रंग थोडे निराळे दाखवतो आणि कडेचे ठिपके उजळतेवरूनच ओळखू येतात. पहिली पट्टी 12 ची, ती सर्वांना वाचता येते आणि त्यांनीही वाचली. पुढच्या बऱ्याच चुकल्या. मग शेवटाकडच्या, दोन प्रकार वेगळे करणाऱ्या पट्ट्या. ज्या पट्टीवर निर्दोष डोळ्यांना 26 दिसतो, तिथे ते क्षणभर थांबून म्हणाले, “सहा.” ज्या पट्टीवर 42 असतो, तिथे म्हणाले, “दोन.” प्रोटॅन माणूस असेच वाचतो. ड्यूटॅन असते तर 26 च्या पट्टीवर दोन आणि 42 च्या पट्टीवर चार वाचले असते.

छापील पट्ट्या हाताशी नसतील तर घरच्या घरी एक ढोबळ अंदाज घेता येतो. काळ्या पार्श्वभूमीवर शुद्ध लाल अक्षरे आणि तेवढ्याच आकाराची हिरवी अक्षरे फोनवर शेजारी ठेवावीत. लाल अक्षरे जवळजवळ दिसेनाशी होत असतील तर दोष प्रोटॅन बाजूचा असण्याची शक्यता मोठी. हा अंदाज सेटिंग निवडण्यापुरता चालतो, निदान म्हणून नाही.

मुलाचे डोळे निर्दोष आहेत का, हे मी लगेच तपासले, कारण पुढे त्याची मदत लागणार होती. ते निर्दोष निघाले, आणि तसे ते निघणे अपेक्षितच होते. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो आणि मुलाला एक्स आईकडून मिळतो, बापाकडून नाही. बागायतदारांच्या मामांनाही पिकलेली मिरची आणि हिरवी मिरची चटकन वेगळी काढता येत नसे, असे त्यांना आठवले. म्हणजे दोष आईच्या माहेरून आला होता. त्यांना एक मुलगीही आहे. तिला स्वतःला त्रास नसला तरी बापाचा एक्स तिच्याकडे गेलेला असणारच, त्यामुळे तिच्या मुलांच्या बाबतीत हे लक्षात ठेवावे, असे मी सांगितले.

सेटिंगमध्ये काय चुकले होते

त्यांचा फोन अँड्रॉइडचा, फारसे फेरफार न केलेल्या प्रणालीचा आहे. त्यात वाट अशी: `Settings`, मग `Accessibility`, मग `Color and motion`, आणि त्यात `Color correction`. इतर कंपन्यांच्या फोनवर मधली पायरी वेगळ्या नावाची असू शकते, तेव्हा `Settings` च्या शोधपट्टीत `color correction` असे लिहिणे सर्वांत सोपे. आयफोनवर हीच सोय `Settings`, `Accessibility`, `Display & Text Size`, `Color Filters` अशा वाटेने मिळते.

मुलाने सेटिंग नकाशाची चूक लक्षात आल्यावर चालू केली होती. पडदा उघडल्यावर त्याला वर दोन पर्याय दिसले आणि दोन्हींचे ठळक नाव एकच: `Red-green`. फरक खालच्या बारीक ओळीत होता. पहिल्याखाली `deuteranomaly`, दुसऱ्याखाली `protanomaly`. कोणीही करील तेच त्याने केले. पहिला पर्याय आधीच निवडलेला होता, तो तसाच ठेवून बटण चालू केले. वडिलांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले, “कोपरा अजूनच काळा दिसतोय.” पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका ठिकाणीही त्यांनी पाण्याचा निर्णय उलटा घेतला, तेव्हा मुलाने सेटिंग बंद करून टाकली. त्याचा “उलट नुकसानच झालं” या वाक्यातला वैताग अगदी रास्त होता, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे.

ही दुरुस्ती नेमकी करते काय? अँड्रॉइडचा मूळ कोड सर्वांना खुला असल्याने ते पाहता येते. प्रणाली प्रत्येक रंगासाठी आधी असा हिशेब करते की हा रंग त्या दोषाच्या माणसाला कसा दिसेल. मग मूळ रंग आणि तो दिसणारा रंग यांतला फरक काढते. हा फरक म्हणजे त्या माणसाच्या वाट्याला न येणारी माहिती. तिचा मोठा भाग, सुमारे सात दशांश, इतर घटकांत मिसळला जातो. प्रोटॅनसाठीच्या पर्यायात लाल घटकातला हरवलेला फरक हिरव्या आणि निळ्या घटकांत जातो. ड्यूटॅनसाठीच्या पर्यायात हिरव्यातला फरक लाल आणि निळ्यात जातो. (कोडमध्ये या भागाचे नाव `daltonizer` आहे. स्वतःच्या रंगदोषाविषयी 1794 मध्ये जाहीरपणे बोलणाऱ्या जॉन डाल्टनवरून ते आले. गंमत म्हणजे डाल्टन ड्यूटॅन होता, आणि यादीतला पहिला पर्याय त्याच्या उपयोगाचा ठरला असता.)

आता नकाशातला एक नेहमीचा लाल घेऊ. त्याचे लाल, हिरवा, निळा हे घटक 0 ते 255 च्या मापात अनुक्रमे 215, 48 आणि 39 आहेत. ड्यूटॅनचा पर्याय लावला तर या रंगातून लाल आणि निळा काही प्रमाणात वजा होतो. म्हणजे जो लाल त्यांना आधीच काळपट दिसत होता, तो आणखी गडद होतो. याच वेळी गडद हिरवा किंचित उजळतो. ड्यूटॅन माणसाला याने रंग वेगळे काढायला मदत होईल. आमच्या बागायतदारांच्या “गडद ते दाट” या समजुतीला मात्र याने उलट बळ मिळाले. प्रोटॅनचा पर्याय लावला की तोच लाल अंदाजे 215, 150, 145 इथे जातो, म्हणजे फिकट गुलाबी होतो, आणि गडद हिरवा आणखी गडद होतो. आता सर्वांत कमकुवत भाग उजळ आणि सर्वांत दाट भाग गडद. त्यांनी मनाने जो नियम धरला होता, तो आता नकाशालाही लागू पडू लागला.

मी दुसरा पर्याय निवडून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो जुना नकाशा उघडला, कोपऱ्यावर बोट ठेवले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, हा तर उघडा पडलाय.” बागेच्या भाषेत उघडे पडणे म्हणजे पाला विरळ होऊन जमीन दिसू लागणे.

खरेच फरक पडला का, हे कसे पाहिले

एका नकाशावर मिळालेल्या समाधानावर मी थांबू इच्छित नव्हते, कारण ज्याला उत्तर माहीत आहे त्याला ते दिसल्यासारखे वाटतेच. म्हणून एक साधी चाचणी केली. अ‍ॅपमध्ये चौकोनावर बोट टेकवले की आकडा उमटतो. मुलाने वेगवेगळ्या तारखांच्या नकाशांतून चौकोनांच्या दहा जोड्या निवडल्या, आकडे स्वतःकडे लिहून ठेवले, आणि वडिलांना फक्त विचारले की या दोनांपैकी कमकुवत कोणता. दुरुस्ती बंद असताना दहापैकी पाच बरोबर आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. पहिल्या, चुकीच्या पर्यायावरही पाचच. योग्य पर्यायावर नऊ. जी एक चुकली ती नारिंगी आणि पिवळ्याची जोडी होती. या पर्यायात ते दोन्ही रंग बरेच फिकट होतात आणि एकमेकांजवळ येतात, त्यामुळे ही चूक समजण्यासारखी होती.

येथे हे सांगणे भाग आहे की या सेटिंगने त्यांना लाल रंग दिसू लागला, असे मुळीच झाले नाही. जी शंकूपेशी काम करत नाही ती कोणत्याही पडद्याने करू लागत नाही. एका जागी हरवणारा फरक दुसऱ्या, त्यांना दिसणाऱ्या जागी नेऊन ठेवला, इतकेच घडले. आणि तिथे जागा मोकळी नसते. आधीच तिथे असलेल्या रंगांशी नव्या टकरी होतात. नारिंगी-पिवळ्याची टक्कर ही त्यातलीच.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. दुपारी नकाशा नीट कळतो, पण संध्याकाळी जेवणानंतर पाहिला की गुलाबी आणि फिकट हिरवे पुन्हा एकसारखे दिसतात. आधी मला वाटले, थकलेले डोळे, खोलीतला पिवळा दिवा. मग मुलाला फोनवरच संध्याकाळी तीच दहा जोड्यांची चाचणी घ्यायला सांगितली. सहा बरोबर. थकव्याने इतकी घसरण होऊ नये. विचारले, “सूर्य मावळल्यावर पडदा पिवळसर होतो का?” होत होता. त्यांच्या फोनवर `Night Light` सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत आपोआप चालू राहील असे लावलेले होते.

या अडचणीचे कारण वरच्या हिशेबातच आहे. दुरुस्तीनंतरचा गुलाबी अंदाजे 215, 150, 145 आणि फिकट हिरवा अंदाजे 145, 170, 55. प्रोटॅन डोळ्याला पहिला आकडा, म्हणजे लाल घटक, जवळजवळ जाणवतच नाही. दुसरा आकडा दोन्हीकडे फारसा वेगळा नाही. उरतो तिसरा, निळा: एकीकडे 145, दुसरीकडे 55. या दोन रंगांतली ओळख सगळी त्या निळ्यावर उभी आहे. `Night Light` नेमका निळा घटकच कापतो. म्हणजे दिवसा दुरुस्तीने जे निळ्यात आणून ठेवले, ते रात्री हे दुसरे सेटिंग काढून घेत होते. नकाशा पाहताना `Night Light` बंद करायला सांगितले, चाचणी पुन्हा घेतली, आणि बरोबर उत्तरे पुन्हा नऊवर आली. डोळ्यांना आराम देणारा पिवळसर पडदा आणि रंगदुरुस्ती एकमेकांच्या विरोधात जातात, हे मलाही या प्रकरणाआधी इतके ठसठशीत दिसले नव्हते. दुपारी चालणारी दुरुस्ती संध्याकाळी चालेनाशी झाली, तर सर्वांत आधी हेच पाहावे.

उन्हातली अडचण निराळी. बागेत भर दुपारी पडद्यावर ऊन पडले की सगळेच रंग धुवून निघतात, आणि दुरुस्तीने निर्माण केलेले फिकट गुलाबी, फिकट नारिंगी हे त्यात आधी बळी पडतात. त्यावर मांडवाच्या सावलीत उभे राहून पाहण्याखेरीज उपाय नाही.

रोजच्या वापरातील गोष्टी

दुरुस्ती दिवसभर चालू ठेवावी, असे मला वाटत नाही आणि त्यांनाही ते जमले नाही. नातेवाइकांच्या लग्नाचे फोटो निराळेच दिसतात, घरातल्या इतरांनी फोन हातात घेतला की ते बावचळतात, आणि मोठी गोष्ट म्हणजे ज्या रंगांशी त्यांची आयुष्यभराची ओळख आहे तेच रंग परके होतात. त्यांनी दोष असतानाही टोमॅटोचा, केळीचा, ट्रॅक्टरच्या दिव्याचा रंग आपल्या परीने ओळखायला शिकलेले असते. म्हणून आम्ही त्याच पानावरचा शॉर्टकट चालू केला. आता आवाजाची दोन्ही बटणे काही सेकंद एकत्र दाबून धरली की दुरुस्ती चालू होते, पुन्हा दाबली की बंद. आयफोनवर हेच काम बाजूचे बटण तीनदा दाबून करता येते, आणि तिथे परिणाम किती तीव्र असावा हे ठरवणारी `Intensity` ही पट्टीही आहे. ती एकदम टोकाला न नेता, वरच्यासारखी जोड्यांची चाचणी घेत हळूहळू वाढवावी.

दुसरी गोष्ट स्क्रीनशॉटची. मुलगा पुण्याला परत गेल्यावर वडिलांनी “मला नकाशा असा दिसतो, बघ” म्हणून स्क्रीनशॉट पाठवला, आणि मुलाला तो नेहमीचाच लाल-हिरवा दिसला. दोघांचा फोनवर बराच वाद झाला. ही दुरुस्ती चित्रात बदल करत नाही; चित्र पडद्यावर उमटण्याच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर रंग बदलते. त्यामुळे ती स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. आपल्याला काय दिसते ते दाखवायचेच असेल तर दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढावा लागतो.

याचीच दुसरी बाजू फायद्याची आहे. पानावरच्या केवडा रोगाच्या तेलकट पिवळ्या डागांचा फोटो काढून ते कृषी सल्लागाराला पाठवतात. दुरुस्ती चालू असताना कॅमेऱ्यातही पान विचित्र दिसते, पण साठवलेला फोटो खऱ्या रंगांचाच असतो, तेव्हा तो निश्चिंतपणे पाठवावा. फक्त दुरुस्ती चालू असताना फोटोचे रंग हाताने बदलू नयेत. तो बदल फाइलमध्ये कायमचा जातो आणि सल्लागाराला खोटे पान दिसते.

कॅमेऱ्यातून पाहताना पडद्यावरचे रंग बदलतात म्हटल्यावर त्यांनी विचारले, पंपाच्या स्टार्टरवरचे दिवे यातून ओळखता येतील का? आम्ही ते करून पाहिले. लुकलुकणारा प्रखर दिवा कॅमेऱ्यात पांढरा फट्ट उमटतो, रंग उरतच नाही. पांढऱ्यात मिसळायला दुरुस्तीजवळ काही नसते. त्यापेक्षा वरचा कोणता, खालचा कोणता हे डब्यावर अक्षरांनी लिहून ठेवणे भरवशाचे, आणि तसे त्यांनी लिहिले. विजेच्या तारांचे रंग मात्र या मार्गाने ओळखायचा प्रयत्नही करू नये, असे मी बजावून सांगितले. तिथे दहापैकी नऊ हे प्रमाण पुरेसे नाही.

नकाशाच्या बाबतीतही शेवटचा शब्द रंगाचा राहू नये, असे आम्ही ठरवले. रंगाने शंका काढायची आणि चौकोनावर बोट टेकवून आकड्याने खात्री करायची. व्हॉल्व्हची वेळ बदलण्यापूर्वी संशयित भागातले तीन आणि शेजारच्या चांगल्या भागातले तीन असे सहा आकडे वहीत लिहायचे. त्या कोपऱ्याचे आकडे 0.34 च्या आसपास होते आणि बाकी बागेचे 0.58 च्या, इतका फरक वहीत उतरला असता तर पहिल्याच आठवड्यात चूक कळली असती. मात्र छाटणीनंतर सगळीच बाग कमी आकडा दाखवते, म्हणून तुलना त्याच दिवसाच्या नकाशात करायची, जुन्या तारखेशी नाही.

अ‍ॅपमध्ये रंगपट्टी बदलण्याची सोय नव्हती. फिकट पिवळ्यापासून गडद निळ्याकडे जाणारी, म्हणजे रंगाबरोबर उजळताही एकाच दिशेने बदलत जाणारी पट्टी दिली तर हे सारे द्राविडी प्राणायाम टळतील, अशी विनंती मुलाने कंपनीला लिहून पाठवली आहे. सोबत त्याने दहा जोड्यांच्या चाचणीची वहीतली पानेही जोडली आहेत.

ड्रिपर आम्लाने धुऊन झाले, तिसऱ्या व्हॉल्व्हची वेळ पूर्ववत केली. त्यानंतर आलेल्या दुसऱ्या नकाशात, दुपारी दोन वाजता, मांडवाच्या सावलीत, त्यांनी स्वतः त्या कोपऱ्याचे तीन आकडे वाचून मला फोनवर सांगितले: 0.41, 0.43, 0.40.